व्हिडिओखाली ‘आधी मराठी शिका’ असं लिहिणाऱ्याला काय उत्तर द्यावं?

पऱ्हाटीवाली (दारव्हा)

नमस्कार मंडळी. जरा मदत पाहिजे, अन् घाईची आहे.

मी अन् माझा धाकटा भाऊ मिळून आमच्या शेतातले छोटे व्हिडिओ टाकतो. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, शेतात जे चालू असेल ते. परवा गुलाबी बोंडअळीच्या ट्रॅपचा टाकला. ट्रॅप कसा जोडायचा, लूर कुठं अडकवायची, झाडाच्या शेंड्यापासून किती वर टांगायचा, सकाळी जाऊन पतंग कसे मोजायचे, एवढंच त्यात आहे. एरवी आमचे व्हिडिओ आजूबाजूच्या चार तालुक्यांतले लोक पाहतात. हा मात्र बाहेर बराच फिरला अन् खाली या दोन कॉमेंट आल्या. जशाच्या तशा देते.

पहिली: “पानी नाही हो ताई, पाणी! मले-तुले सोडा, आधी मराठी शिका, मग शेतकऱ्यांना शिकवा.” पुढं हसणारी तोंडं.

दुसरी: “ट्रॅप, लूर, डोज, स्प्रे. अर्धी इंग्रजी, अर्धी गावंढळ. धड एक भाषा तरी बोला.”

पहिलीला व्हिडिओपेक्षा जास्त लाइक आहेत. तिच्याखाली आमच्याच ओळखीच्या पोट्ट्यांनी शिव्या लिहून ठेवल्या आहेत, त्यावर तो माणूस पुन्हा हसतो आहे. सगळ्यात वाईट म्हणजे माझा भाऊ. त्या व्हिडिओत अर्धा वेळ तोच बोलला आहे. दहावीला आहे. आता म्हणतो, पुढच्या वेळी मी फक्त मोबाईल धरतो, बोलणार नाही.

मी तीन उत्तरं लिहून ठेवली आहेत, टाकलं एकही नाही.

एक: “माफ करा सर, आम्ही खेड्यातले आहोत, पुढच्या वेळी शुद्ध बोलायचा प्रयत्न करू.”

दोन: वऱ्हाडी बोलीचा इतिहास. चांगलं पानभर झालं आहे.

तीन: “तुमच्या पुण्यात ठेवा तुमची शुद्ध मराठी. आमच्या कापसाचेच कपडे घालता ना?”

कोणतं टाकू? का काहीच टाकू नको?

अस्सल_वऱ्हाडी

तिसरं टाक ताई, डोळे मिटून टाक. अन् त्यात हेही लिही की मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, लीळाचरित्र, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झाला, तेराव्या शतकात. तेव्हा यांच्या शुद्ध मराठीचा पत्ता तरी होता का? वऱ्हाडी हीच मूळ मराठी आहे. ण अन् ळ ही मागून आलेली नाटकं आहेत. बिघडलेली भाषा त्यांची आहे, आपली नाही. हे एकदा तोंडावर सांगायलाच पाहिजे.

मधुरा_ठाणे

ताई, मनाला लावून घेऊ नका. न आणि ण मधला फरक सरावाने जमतो. ण म्हणताना जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं. रोज सकाळी दहा मिनिटं आरशासमोर बाण, खाण, वाण, लोणी, पाणी असे शब्द मोठ्याने म्हणा. माझ्या भाचीला वक्तृत्व स्पर्धेसाठी असंच करून घेतलं होतं. एक-दोन महिन्यांत फरक जाणवेल.

पऱ्हाटीवाली (दारव्हा)

मधुराताई, तुम्ही मनापासून सांगितलं त्याबद्दल आभार. पण मला ण म्हणता येतो. शाळेत कविता म्हणताना म्हणतच होते. वावरात उभं राहून बोलताना पानीच निघतं, कारण घरीदारी सगळे तसंच बोलतात. बोलणं बदलायचा माझा विचार नाही. त्या माणसाला उत्तर काय द्यायचं, तेवढंच विचारते आहे.

मधुरा_ठाणे

अच्छा, मग माझी वाचण्यात गल्लत झाली. पण एक सांगू का? तुमचा व्हिडिओ मी आत्ता शोधून पाहिला. गच्चीवर भाज्या लावते, म्हणून किडीचं काहीही असलं की बघतेच. त्यात “पऱ्हाटीचं डोमकळी” की असं काहीतरी म्हणालात, ते मला अजिबात कळलं नाही. हसत नाहीये, खरंच कळलं नाही.

आर्णीकर

माझंही असंच झालं होतं. पुण्यात एका कंपनीत फोनवर बोलायच्या कामासाठी मुलाखत दिली. इंग्रजी ठीक, हिंदी चांगली, मराठीत बोलायला लावलं तेव्हा मी “तुमचं बिल जनरेट होऊन राह्यलं” असं बोललो. समोरचे दोघं एकमेकांकडं पाहून हसले. नोकरी मिळाली, पण पुढं वर्षभर प्रत्येक वाक्याआधी तोंडातल्या तोंडात जुळवाजुळव करायचो. “करतोय, येतोय, बघतोय.” फोन ठेवला की घशाला कोरड. घरी आईशी बोलतानाही अडखळायला लागलो, तेव्हा ते काम सोडलं. तुझ्या भावाचं वाचून ते सगळं आठवलं. त्याला कॅमेऱ्यामागं जाऊ देऊ नको.

सूरज_मानोरा

मीही व्हिडिओ टाकतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

पहिल्या कॉमेंटखाली जेवढं भांडण होईल तेवढी ती वर राहील. लोक वरची पाच-सहा कॉमेंट वाचतात अन् निघून जातात. मी तुझ्या व्हिडिओखाली पार तळापर्यंत गेलो. तिथं नेर तालुक्यातल्या एकानं विचारलं आहे, “लूर किती दिवसांनी बदलायची?” त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. त्याच्याही खाली दुसरा म्हणतो, “ट्रॅप लावून पंधरा दिवस झाले, एकही पतंग नाही, म्हणजे अळी नाही असं समजायचं का?” तोही तसाच पडून आहे. उत्तर द्यायला तिथून सुरुवात कर.

अन् आपल्या पोट्ट्यांच्या शिव्या आधी काढ. तुझ्या व्हिडिओखालची शिवी वाचणाऱ्याला तुझीच वाटते.

त्याची कॉमेंट डिलीट करायची असेल तर हे ध्यानात ठेव की तिच्याखालची सगळी उत्तरंही तिच्यासोबत जातात. म्हणून चांगलं उत्तर तिच्याखाली लिहिण्यापेक्षा स्वतःची वेगळी कॉमेंट करून ती पिन करणं बरं. मी तर असल्या माणसाला सरळ चॅनलवरून हाइड करतो. त्याला त्याची सूचना जात नाही. तो लिहीत राहतो, बाकीच्यांना काही दिसत नाही.

अंजनगावचे_सर

पऱ्हाटीवाली ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. बोली हा माझा आयुष्यभराचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

आधी ‘अस्सल’ भाऊंचं. लीळाचरित्राचा रिद्धपूरशी संबंध आहे, काळही तेराव्या शतकाचा, तेवढं बरोबर. पण त्यावरून आजची वऱ्हाडी म्हणजे मूळ मराठी असं ठरत नाही. त्या ग्रंथाच्या भाषेत ण आहे, ळही आहे. आपण ‘मले, तुले’ म्हणतो तिथं तेव्हाची भाषा बहुतेक ‘सि’ आणि ‘तें’ वापरते. आपला ‘ले’ नंतरचा आहे. ‘येऊन राह्यला, करून राह्यलो’ यामागं हिंदीचा शेजार आहे. 1956 पर्यंत नागपूर ही मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या एकाच मोठ्या प्रांताची राजधानी होती, बाजार, कचेरी आणि रेल्वे सगळं एकत्र होतं. आपली बोली आपल्या वाटेनं बदलत आली, पुण्याकडची त्यांच्या वाटेनं. दोघींपैकी कोणीच बिघडलेली नाही. ताईंनी हा ‘मूळ मराठी’चा दावा तिथं लिहिला, तर एखादा जाणकार येऊन तो खोडेल आणि हसणाऱ्याला दुसरी संधी मिळेल.

आता तीन उत्तरं.

पहिलं, माफीचं, टाकूच नका. त्यानं लावलेला आरोप तुम्ही त्यात मान्य करता, आणि सगळ्या गावासमोर शब्द देता की पुढच्या वेळी सुधारू. मग पुढच्या व्हिडिओत प्रत्येक ‘न’पाशी जीभ थबकेल. हे मी वर्गात फार पाहिलं आहे. रागावून रागावून पोरांच्या तोंडी ण बसवला की ती जिथं नको तिथंही ण म्हणू लागतात. वक्तृत्व स्पर्धेत एक हुशार पोरगी व्यासपीठावर “माझं मण भरून आलं” म्हणाली होती. सभागृह हसलं. घरी तिनं ‘मन’ शब्द कधीच चुकवला नसता. चुकवायला आम्ही शिकवला. आर्णीकरांचं घसा कोरडा पडणं त्याच जातीचं आहे.

दुसरं, पानभर इतिहासाचं, वेगळं जपून ठेवा. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र व्हिडिओ करा, मी मदत करीन. पण तिथं नको. हसणारा ते वाचणार नाही. जे वाचतील त्यांना एवढंच दिसेल की घाव खोल बसला.

तिसऱ्याची अडचण वेगळी. तो माणूस पुण्याचा आहे हे तुम्हाला कुठून कळलं?

पऱ्हाटीवाली (दारव्हा)

सर, तुमचं वाचून मी त्याच्या नावावर टिचकी मारून पाहिलं. पुण्याचा नाही. त्यानं स्वतः टाकलेले दोन व्हिडिओ आहेत, दोन्ही यवतमाळ शहरातल्या लग्नांचे, अन् त्यात मागं घरचे लोक आपल्यासारखंच बोलताना ऐकू येतात. मला तर काही सुचेनासं झालं आहे.

अंजनगावचे_सर

मला तेच वाटलं होतं. ‘मले-तुले’ नेमकं धरून हसणारा बहुधा ते घरात ऐकत मोठा झालेला असतो. आपल्याकडं तालुक्याच्या गावी आलेलं पोर पहिल्यांदा हेच शिकतं: कॉलेजात ‘मला’, घरी ‘मले’. बसमध्ये गाववाला भेटला तर मित्रांसमोर त्याच्याशी हळू आवाजात बोलायचं. त्यात शाळेचा वाटा मोठा आहे. शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळानं 1962 मध्ये केले आणि 1972 मध्ये त्यांत भर घातली. ते लेखनाचे नियम आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार कुठं द्यायचे याचे. शाळांनी मात्र ते बोलण्याला लावले. ‘पानी’ लिहिलं तर वहीत लाल खूण करावी, ते ठीक. ‘पानी’ म्हटलं म्हणून उभं करावं, असं त्या नियमांत कुठंही नाही.

त्यामुळं त्याला पुणेकर ठरवून लिहिलेलं उत्तर पत्ता चुकलेलं ठरलं असतं, आणि पुण्याकडून तुमचे व्हिडिओ नीट पाहणारे उगीच दुखावले असते. तो आपल्यातलाच आहे हेही उघड लिहू नका. घरच्यांच्या व्हिडिओवरून त्याला उघडं पाडणं म्हणजे त्यानं तुमच्याशी केलं तेच त्याच्याशी करणं.

अस्सल_वऱ्हाडी

सर, ण-ळ चं मान्य. पण घरचाच माणूस असून हसतो, याला तर दुप्पट ऐकवायला पाहिजे. माझं मन नाही मानत.

केंद्रवाला_पुसद

दुसऱ्या कॉमेंटवर कोणी बोलून नाही राह्यलं, म्हणून मी बोलतो. माझं कृषी केंद्र आहे.

ताईनं ‘ट्रॅप’ अन् ‘लूर’ म्हटलं ते बरोबरच म्हटलं. ‘कामगंध सापळा’ हा शब्द पत्रकात राहते, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत राहते. माझ्या दुकानात ट्रॅप मागतात. आता ट्रॅप सगळ्यायले सारखाच, पिवळी पिशवी अन् वर हिरवी टोपी. फरक आत लटकवायच्या गोळीत आहे. गुलाबी बोंडअळीची लूर वेगळी, ती गॉसिप्लूर. हिरव्या बोंडअळीची हेलिलूर, तंबाखूवरच्या अळीची स्पोडोलूर. पाकिटावर ही नावं बारीक इंग्रजी अक्षरात छापेल राहतात. शेतकरी येते अन् म्हणते, “एक सापळ्याची गोळी द्या.” गर्दीत पोरानं हेलिलूर हातात दिली, तर ट्रॅपमध्ये गुलाबीचा एकही पतंग येणार नाही. मग तो म्हणते, माझ्या वावरात अळीच नाही. पुढं दसऱ्याले बोंड फोडून पाहते तं आत अळी. सूरजभाऊनं सांगितलेल्या त्या पंधरा दिवसवाल्याचं हेच असू शकते. त्याले म्हणा, पाकीट अजून घरी असन तं नाव वाचून पाहा.

म्हणून मी म्हणतो, इंग्रजी नाव तोंडात असलंच पाहिजे. गिऱ्हाइकाले काउंटरवर जे म्हणायचं आहे, तेच व्हिडिओत आलं पाहिजे. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाले बाटलीवरचा तिकोन दाखवतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. औषधाचं नाव अन् डोज बाटलीवर आहे तसाच बोलायले लावतो. तिथं ‘मात्रा’ म्हणून चालत नाही, कारण बाटलीवर मात्रा लिहेल नाही.

अंजनगावचे_सर

पुसदकर भाऊंनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि या दोन कॉमेंटमधला फरक त्यातून नेमका कळतो.

पहिल्या कॉमेंटमध्ये विचारलेलं काहीच नाही. ‘पानी’ म्हटल्यावर पाणी कळलं नाही, असा माणूस महाराष्ट्रात नाही. तिथं समजावून सांगण्यासारखं काही नाही, म्हणून समजावत बसू नये. दुसरीत खोच आहेच, पण शब्द नावानिशी सांगितले आहेत, आणि ते शब्द खरोखर न कळलेली माणसंही खाली वाचत असतील. मधुराताईंना डोमकळी कळली नाही, तशी. म्हणून दुसरीला शब्दांचं उत्तर द्यावं. हसणाऱ्याला न कळलेला समजून उत्तर दिलं तर बाकीच्यांचं काम होतं, आणि त्याच्याकडं भांडायला काही उरत नाही.

आणखी एक. उत्तर लिहाल ते व्हिडिओत बोलता तशाच भाषेत लिहा. व्हिडिओत ‘मले’ आणि उत्तरात एकदम “आपल्या सूचनेचा आदर करून नमूद करू इच्छिते”, असं झालं की त्याचंच म्हणणं खरं ठरतं.

पऱ्हाटीवाली (दारव्हा)

मग असं चालेल का? रात्री बसून लिहिलं.

पहिल्याला: “मी दारव्हा तालुक्यातली हाओ. आमच्या इकडं असंच बोलतात, अन् हा व्हिडिओ इथल्याच शेतकऱ्यायसाठी बनवला. ट्रॅपचं काही समजलं नसन तं इचारा, सांगते.”

दुसऱ्याला: “ट्रॅप म्हंजे कामगंध सापळा. लूर म्हंजे त्यात लटकवायची वासाची गोळी, तिच्या वासानं नर पतंग येतात. दुकानात ह्या वस्तू ट्रॅप अन् लूर म्हणूनच भेटतात, पाकिटावर बी तेच छापेल राहते, म्हणून तसं बोललो. गुलाबी बोंडअळीले गॉसिप्लूरच मागा.”

अन् पिन करायला वेगळी: “लूर पाकिटावर लिहेल दिवसांनी बदला, साधारण तीन-चार आठवड्यानं. पाहणीसाठी एकरी दोन ट्रॅप लावा. एका ट्रॅपमध्ये रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले तं समजा फवारणीची वेळ झाली. एकही पतंग नसन तं आधी लूर कोणती लावली ते पाहा.”

भावाला दाखवलं. तो म्हणाला, “पहिलं अजून छोटं कर.”

सूरज_मानोरा

भाऊ बरोबर बोलला. “आमच्या इकडं असंच बोलतात” इथपर्यंत अन् शेवटचं वाक्य ठेव, मधलं काढ. ‘इथल्याच शेतकऱ्यायसाठी’ म्हटलं की मधुराताईंसारख्यांना वाटेल, आपण पाहू नये.

अंजनगावचे_सर

मला ते मधलं वाक्य हवं आहे. व्हिडिओ कोणासाठी आहे हे सांगितल्याशिवाय ‘असंच बोलतात’ला कारण मिळत नाही. फक्त ‘इथल्याच’मधला ‘च’ काढा.

मधुरा_ठाणे

सूरज म्हणतात तसं मला अजिबात वाटलं नसतं. पण एक सुचवते. व्हिडिओच्या पट्टीवर कठीण शब्द आला की खाली प्रमाण मराठीत लिहाल का? पऱ्हाटी म्हणजे कपाशी, असं. बोलणं तुमचं तसंच राहू द्या.

अस्सल_वऱ्हाडी

अन् सिनेमात कोणी ‘कपाशी’ म्हटलं की खाली ‘पऱ्हाटी’ लिहितात का कधी? आपणच का खाली लिहायचं? एकदा लिहायला लागलो की उद्या पोट्टे म्हणतील, खरं नाव खाली लिहेल आहे ते.

केंद्रवाला_पुसद

लिहायले हरकत नाही म्हणतो मी. वाशीमचा माणूस एक नाव घेते, वर्ध्याचा दुसरं. अळीचं नाव, औषधाचं नाव, डोज हे तं खाली लिहावंच, आकड्यात. ‘पऱ्हाटी’खाली ‘कपाशी’ लिहायची गरज मले नाही वाटत, चित्रात झाड दिसून राह्यलं.

आर्णीकर

डोमकळी मात्र नुसत्या चित्रात कळणार नाही, ती हातात धरून उघडून दाखवावी लागेल. माझ्या मते तोच पुढचा व्हिडिओ करा, अन् भावाला दाखवायला सांगा.

पऱ्हाटीवाली (दारव्हा)

काल दुपारी तिन्ही टाकलं. सरांचं ऐकून ‘च’ काढला, मधलं वाक्य ठेवलं. आधी शिव्या काढल्या. त्यातले दोघं माझ्यावरच चिडले आहेत, म्हणतात आम्ही तुझ्याच बाजूनं लिहिलं होतं. त्यांना फोन करून समजावलं, एकाला पटलं, एकाला नाही.

पहिलीवाल्यानं पुन्हा हसणारं तोंड टाकलं. त्यावर मी काही लिहिलं नाही. हाइड करावं का, अजून ठरत नाही. सूरजभाऊ म्हणतात कर, मला वाटतं माझं उत्तर तिथं त्याच्याखाली दिसलेलं बरं. दुसरीवाला परत आला नाही, पण त्याच्याखाली उमरखेडच्या एका ताईंनी विचारलं की ही गोळी हातानं धरली तर चालते का. अन् पंधरा दिवसवाल्यानं पाकिटाचा फोटो पाठवला. हेलिलूर निघाली.

भाऊ अजून ‘पाहू’ म्हणतो. डोमकळीच्या व्हिडिओसाठी मोबाईल मी धरीन, असं त्याला सांगितलं आहे.

मधुराताई, तुमचं राहिलंच. गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की पाकळ्या आतून जाळ्यानं बांधून टाकते. मग फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखं दिसतं. ती डोमकळी. दिसली की तोडायची अन् आतल्या अळीसकट नष्ट करायची, वावरात टाकून द्यायची नाही.

मधुरा_ठाणे

आता कळलं. माझ्या भेंडीच्या फुलांना असं कधी दिसलं नाही. भेंडीवर ही अळी येते का?

केंद्रवाला_पुसद

ताई, भेंडी कपाशीच्याच कुळातली, म्हणून तिच्यावर येऊ शकते, पण तिचं मुख्य खाणं पऱ्हाटीच. तुमच्या भेंडीले भोक दिसन तं बहुतेक ठिपक्याची बोंडअळी राहीन, तिची लूर आणखी वेगळी. गच्चीवर लूर घेत बसू नका, किडकी भेंडी तोडून नष्ट करा.

पऱ्हाटीवाली ताई, उमरखेडच्या ताईले सांगा, लूर उघड्या हातानं धरू नये. एका लूरचा वास बोटाले लागते अन् दुसरीले जाते, दोन जातीच्या लूर एका हातानं लावल्या तं दोन्ही बिघडतात. पाकिटाचं तोंड फाडून तिथूनच अडकवावी, नाहीतं हातमोजा. अन् उरलेल्या लूर घरी फ्रीज असन तं बंद पाकिटात त्यात ठेवा, खिडकीत उन्हात नको.